कापलेला पोल मोजायचा की नाही?

"y'' + y' − 2y = u' − u वरून G(s) = 1/(s+2) आलं. पोल −2 वर, म्हणजे सिस्टीम स्थिर ना?"

नाही भाऊ. लाप्लास घेतल्यावर (s² + s − 2)Y = (s − 1)U येतं. डावीकडचे अवयव (s + 2)(s − 1), आणि त्यातला (s − 1) तू वरखाली कापलास. ट्रान्स्फर फंक्शन सुरुवातीच्या अटी शून्य धरतं, म्हणून तिथं ते चालतं. मूळ समीकरणातला e^t मात्र जात नाही. u = 0 ठेव आणि y(0) = y'(0) = 0.01 घे. उत्तर 0.01e^t, म्हणजे १० सेकंदांत २२० च्या वर!

आपल्याकडं लाइन क्षणभर जाऊन आली की जिनिंगची मोटार अजून फिरतच असते, तिथं शून्य अट कुठली? कापण्याआधी s² + s − 2 ची दोन्ही मुळं तपास: +1 उजव्या अर्ध्या भागात आहे, त्यामुळे सिस्टीम आतून अस्थिर.