मदत हवी आहे: समुपदेशनाच्या प्रोफाइलात काय लिहू?

नमस्कार मंडळी, दारव्ह्याला दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी समुपदेशन सुरू करतोय. माझं एमए कौन्सेलिंग सायकॉलॉजी झालंय, पण आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी नाही म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिणार नाही. फ्लेक्सवाला म्हणते "दारू गॅरंटीनं सुटेल" टाका, नाहीतर कोणी येत नाही ना भाऊ! आता हे कसं लिहू, सुटलेली दारू परत सुरू होणं काही नवीन नाही. मी लिहिलंय, "सीबीटी पद्धतीनं काम करतो, म्हणजे प्यायची ओढ केव्हा, कशानं लागते ते सोबत शोधतो. फरक प्रत्येकाला वेगळा. औषध देत नाही. पिणं एकदम बंद करून हात थरथरले, झटके आले तर आधी दवाखाना." शेतकरी माणसाला समजते का हे? सीबीटी शब्द ठेवू की काढू? अन् बोलणं गुप्त राहील पण जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगीन, हेही त्यातच टाकू का?