शब्दचर्चा: 'स्थिर प्रभार', 'स्थिर व्होल्टेज' आणि वजा चिन्ह

पार्ल्याची_विद्यार्थिनी: 'साठवलेल्या ऊर्जेचं विकलन केलं की बल मिळतं' असं वहीत आहे. समांतर पट्ट्यांचा कपॅसिटर आहे, पट्ट्यांमधलं अंतर x. प्रभार स्थिर धरला तर U = Q²x/2ε₀A, मग F = −dU/dx ऋण येतं, म्हणजे आकर्षण. व्होल्टेज स्थिर धरलं तर U = ε₀AV²/2x, आणि त्याच सूत्राने प्रतिकर्षण! 'स्थिर' म्हणजे नेमकं काय?

मुलुंडचा_गणिती: व्होल्टेज स्थिर असेल तर वजा काढून टाकायचं. उत्तर बरोबर येतं.

माटुंगा_लॅब: उत्तर येतं, पण वजा का गेलं ते त्यात दिसत नाही. १०० चौ. सेंमी पट्ट्या, अंतर १ मिमी, १००० व्होल्ट घ्या. धारिता ८८.५ पिकोफॅरड, ऊर्जा ४४.२५ मायक्रोज्यूल. आता बॅटरी जोडलेली ठेवूनच अंतर १.१ मिमी करा. कपॅसिटरमधली ऊर्जा ४.०२ मायक्रोज्यूलने घटते. पण ८.०४ नॅनोकुलोम प्रभार १००० व्होल्टच्या बॅटरीत परत गेला, म्हणजे तिला ८.०४ मायक्रोज्यूल मिळाले. वरचे ४.०२ तुमच्या हाताने ओढून दिले, म्हणून बल आकर्षणाचंच. 'साठवलेली ऊर्जा' म्हणताना बॅटरीचा हिशेब राहून जातो, गफलत तिथे होते. बॅटरी काढून ओढलंत तर ऊर्जा ४.४३ ने वाढते, तीही हातानेच दिलेली. सुरुवातीचं बल दोन्हीकडे ०.०४४ न्यूटन, साधारण साडेचार ग्रॅमचा भार.

लॅमिंग्टन_रोड: पंख्याच्या कंडेन्सरची गुणगुण यामुळेच का? पण त्याला तर एसी असतो.

माटुंगा_लॅब: दादा, इथला प्रश्न डीसीचा आहे. पण बल व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून, म्हणून दिशा पालटली तरी ओढ तीच राहते आणि ५० हर्ट्‌झला १०० हर्ट्‌झची थरथर होते. पंख्यात मोटरही त्याच सुरात गुणगुणते, म्हणून आवाज कंडेन्सरचाच असं छातीठोक म्हणता येणार नाही.

पार्ल्याची_विद्यार्थिनी: मग प्रयोगात कुठला 'स्थिर' धरू?

माटुंगा_लॅब: वेळ बघून ठरवा. सप्लायच्या वाटेत १० मेगाओहम असेल तर या कपॅसिटरचा प्रभार भरण्या-उतरण्याचा काळ ०.९ मिलिसेकंद. पट्ट्या त्याहून खूप सावकाश हलल्या तर व्होल्टेज स्थिर, खूप झटकन हलल्या तर प्रभार स्थिर. मधल्या वेगाला दोन्ही नाहीत. आणि जुलैत मुंबईत सप्लाय काढून 'प्रभार स्थिर' म्हणू नका. आधाराच्या ओल्या पृष्ठभागातून १०¹¹ ओहम जरी गळती असली तरी सुमारे ९ सेकंदांत प्रभार एक तृतीयांशाच्या आसपास येतो. बल मोजणाऱ्या तराजूवरचं वाचन आपोआप उतरू लागलं की गळती समजा. आधार टेफ्लॉनचे घ्या, स्पिरिटने पुसून वाळवा.

मुलुंडचा_गणिती: मग बॅटरीचा हिशेब धरून U − QV चं विकलन करू. त्यात वजा जसंच्या तसं राहतं. त्याला 'सहऊर्जा' म्हणू?

माटुंगा_लॅब: U − QV म्हणजे −½CV². सहऊर्जा मात्र +½CV² ला म्हणतात, आणि तिच्यासाठी F = +dU′/dx. चिन्ह पुन्हा घसरेल. मी 'बॅटरीसह ऊर्जा' म्हणेन.

मुलुंडचा_गणिती: ते लांबलचक होतं. मला पटलेलं नाही.