मदत हवी आहे: सिंगल फेज मोटरमधलं उलटं क्षेत्र पोरांना कसं दाखवावं?

परभणीत वायरमनच्या पोरांना 4 पोलची, 1440 आरपीएमची मोटर शिकवायची आहे. कपॅसिटर काढून सप्लाय दिला की ती नुसती गुणगुणते. शाफ्टला दोरीने ज्या बाजूला हिसका द्यावा, त्याच बाजूला पळते. कारण एका वाइंडिंगचं क्षेत्र म्हणजे 1500 आरपीएमने विरुद्ध दिशांना फिरणारी, निम्म्या ताकदीची दोन क्षेत्रं. रोटर उभा असताना दोघांची स्लिप 1, टॉर्क सारखे पण विरुद्ध, बेरीज शून्य.

1440 ला सुलट क्षेत्राची स्लिप 0.04, उलट्याची 1.96. पोरं इथंच अडतात: स्लिप एवढी जास्त, तर उलटा टॉर्क कमी कसा? रोटरमध्ये 98 हर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स वाढतो, करंट मागे पडतो, उलटं क्षेत्रच दबतं, हे फळ्यावर पटतं. पण वर्कशॉपात दाखवता येईल असा प्रयोग कुणी केलाय का?