वादविवाद स्पर्धेचा निकाल: गुणांची बेरीज की परीक्षकांचे क्रमांक?

खडूफळा: आंतरशालेय वादविवाद स्पर्धा यंदा आमच्या शाळेकडे आलीये. मागच्या वेळी दुसरीकडे झाली तेव्हा तीनपैकी दोन परीक्षकांनी ज्या संघाला तिसरा ठरवला होता तोच बेरजेत पहिला आला आणि जाम वाद झाला. निकाल बेरजेवर लावायचा की क्रमांकावर? तुमच्याकडे कसं करतात?

गणितवाले सर: बेरीज करू नका. का ते आकड्यात बघा. समजा पहिल्या परीक्षकांनी अ, ब, क या संघांना ७८, ७५, ७४ दिले, दुसऱ्यांनी ७७, ७६, ७३. तिसरे जरा मोकळ्या हाताचे, एकाला उचलतात आणि बाकीच्यांना आपटतात, त्यांनी दिले ५५, ५२, ८५. बेरीज होते अ २१०, ब २०३, क २३२. म्हणजे क पहिला. पहिल्या दोघांच्या कागदावर पहिल्या आणि शेवटच्या संघात चारच गुणांचा फरक आहे आणि तिसऱ्यांच्या कागदावर तेहेतीसचा, मग निकाल कोणी लावला? एकट्या तिसऱ्यांनी. बाकी दोघं घरी बसले असते तरी चाललं असतं. आता प्रत्येकाच्या कागदावर नुसते क्रमांक लावा. अ चे १, १, २ म्हणजे चार, ब चे २, २, ३ म्हणजे सात, क चे ३, ३, १ म्हणजे सात. अ पहिला. संपला विषय.

तिरकस: संपला कसा? तिसरे चुकीचे आणि पहिले दोघं बरोबर हे तुम्ही ठरवलंत कशावरून? कदाचित क खरंच सगळ्यांपेक्षा फार वरचा असेल आणि पहिल्या दोघांनी कोणाला दुखवायला नको म्हणून सगळ्यांना ७३ ते ७८ मध्ये कोंबलं असेल. क्रमांक लावले की एका गुणाचा फरक आणि तीस गुणांचा फरक सारखाच होतो, हे मला पटत नाही. पोरांनी महिनाभर तयारी करायची आणि आपण त्यातली निम्मी माहिती फेकून द्यायची.

गणितवाले सर: तीस गुणांचा फरक खरा असता तर बाकी दोघांच्या कागदावर क निदान दुसरा तरी दिसला असता की. दोघांनीही त्याला शेवटी टाकलाय.

नाना_७१: एवढं कशाला डोकं लावताय, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकायचे, काही खेळांत करतात तसं.

घंटा_माझ्याकडे: नाना कल्पना चांगली आहे पण ती पाच-सात परीक्षक असतील तेव्हा. तिघांतले दोन आकडे काढले की उरतो एकच. वरच्या उदाहरणात अ चा ७७ उरेल तो दुसऱ्या परीक्षकांचा, ब चा ७५ आणि क चा ७४ हे पहिल्यांचे. वेगवेगळ्या परीक्षकांचे सुटे आकडे तुम्ही एकमेकांसमोर ठेवताय. निकाल योगायोगाने बरा दिसतोय इतकंच.

सानूची आई: निकाल राहू द्या हो, आधी विषय बघा. माझ्या मुलीला "शाळेत शिस्त आवश्यक आहे" याच्या विरोधात बोलायला लावलं होतं, ती बिचारी काय बोलणार, शिस्त नको म्हणणार का? समोरची मुलं आरामात गुण घेऊन गेली. असल्या विषयावर क्रमांक लावा नाहीतर बेरीज करा, काय फरक पडतो?

घंटा_माझ्याकडे: प्रश्न वेगळा आहे ताई पण मुद्दा रास्त आहे. विषय फायनल करायच्या आधी दोन शिक्षकांना दहा मिनिटं वेगवेगळं बसवायचं, एकाने बाजूने चार मुद्दे लिहायचे, दुसऱ्याने विरोधात चार. एकाची लेखणी दुसऱ्या मुद्द्यावरच अडली तर तो विषय बाद. "शिस्त आवश्यक" च्या जागी "शिस्तीचे नियम विद्यार्थ्यांनीच ठरवावेत" केलं की दोन्हीकडे बोलायला मिळतं. आणि बाजू चिठ्ठी टाकूनच द्यायची.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं वेळाधिकारी म्हणून बसतोय, माझ्या मते भांडण बेरजेच्याही आधी सुरू होतं, परीक्षकांना नीट सांगितलेलंच नसतं म्हणून. शंभरपैकी गुण द्या म्हटलं की एकाचा सत्तर म्हणजे उत्तम आणि दुसऱ्याचा सत्तर म्हणजे नापास. वर्ल्ड स्कूल्सच्या स्पर्धांमध्ये भाषणाला शंभरपैकी गुण असले तरी प्रत्यक्षात ६० ते ८० मध्येच देतात, ७० म्हणजे साधारण बरं भाषण. आणि तिथे कोण जिंकलं ते परीक्षकांच्या बहुमतावर ठरतं, सगळ्यांच्या गुणांच्या बेरजेवर नाही. तुम्ही असं करा, स्पर्धेआधी अर्धा तास परीक्षकांना एकत्र बसवा, एखाद्या मुलाला स्पर्धेत नसलेल्या विषयावर तीन मिनिटं बोलायला लावा, तिघांनी गुपचूप गुण द्यायचे आणि मग कागद उघडायचे. एकाचे ६२ आणि एकाचे ७९ आले की तिथेच चर्चा होते, "मी उच्चारांचे कापले", "मी खंडनाला जास्त दिले" वगैरे. ते तिथेच होऊ दे. एकदा स्पर्धा सुरू झाली की सह्या होईपर्यंत परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही, मध्ये चहाला एकत्र पाठवलंत की तीन परीक्षकांचा एक परीक्षक होतो.

तिरकस: ६० ते ८० ची पट्टी दिली की काय होतं ते मी बघितलंय. सगळे ७० आणि ७१ देऊन मोकळे. मग अर्ध्या गुणावर निकाल.

घंटा_माझ्याकडे: होतं तसं, नाकारत नाही. म्हणूनच कागदावर समान गुण चालणार नाहीत असं आधी सांगायचं, निदान पहिल्या तिघांत तरी. मग त्यांना ठरवावंच लागतं.

अजून एक, वेळेचे गुण. आमच्याकडे चार मिनिटांचं भाषण, तिसऱ्या मिनिटाला एक घंटा, चौथ्याला दोन, पुढे पंधरा सेकंद सोडतो आणि त्यानंतर ठरलेले गुण कापतो. पण कापायचे कोणी? परीक्षकही कापतात आणि नंतर ऑफिसात बेरीज करणाराही कापतो, म्हणजे पोराला दोनदा शिक्षा. परीक्षकांनी घड्याळाकडे बघायचंच नाही. आणि क्रमांकाने निकाल लावणार असाल तर वजाबाकी प्रत्येक परीक्षकाच्या कागदावर क्रमांक लावायच्या आधी व्हायला हवी. सरांच्या उदाहरणात अ ला दोन गुणांचा दंड बसला तर दुसऱ्या परीक्षकांकडे अ ७५ वर येतो आणि ब ७६ वर पहिला होतो. दंड शेवटी एकदम बेरजेतून कापलात तर क्रमांकांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, मुलं पाच मिनिटं बोलली तरी चालतंय असा अर्थ.

तिरकस: बरं हे मान्य. पण सरांचं अजून एक बाकी आहे. ब आणि क दोघांचे सात-सात झाले, दुसरा कोण?

गणितवाले सर: दोघांत समोरासमोर बघायचं. तीनपैकी दोन परीक्षकांनी ब ला क च्या वर ठेवलंय. ब दुसरा.

तिरकस: आणि बेरजेने तोडलं तर क दुसरा, २९ गुणांनी पुढे आहे. बघा, फिरून तिथेच आलो.

घंटा_माझ्याकडे: म्हणून जो नियम असेल तो शाळांना पाठवायच्या पत्रकात आधी छापा. कागद उघडल्यावर नियम शोधायला बसलात की ज्याला जो संघ आवडतो त्याला तसा नियम सुचतो. मी स्वतः समोरासमोरवाला लावतो, पण बेरजेवाला आधी छापला असेल तर तोही चालेल.

खडूफळा: क्रमांकाने करायचं जवळजवळ ठरलं, वेळेचे गुण आधी कापून. आता आमच्या मुख्याध्यापिका म्हणतायत की गुणपत्रकं कोणाला दाखवायची नाहीत, परीक्षक दुखावतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. मला वाटतं निकाल जाहीर झाला की लगेच भिंतीवर लावावीत.

सानूची आई: लावाच. आम्हाला कधी कळलंच नाही किती गुण पडले ते.

गणितवाले सर: परीक्षकांची नावं काढून १, २, ३ लिहून लावा की.

घंटा_माझ्याकडे: तीनच परीक्षक असताना कोणता कागद कोणाचा ते पाच मिनिटांत कळतं सर. मी भिंतीवर लावत नाही. प्रत्येक शाळेच्या शिक्षकांना ऑफिसात बोलावून त्यांच्या संघाचे तिन्ही गुण, क्रमांक आणि वेळेची नोंद दाखवतो, बेरीज चुकली असेल तर अर्ध्या तासात सांगा म्हणतो, आणि बक्षिसं त्यानंतरच. दुसऱ्या शाळेचे गुण दाखवत नाही.

तिरकस: दुसऱ्याचे गुण बघितल्याशिवाय आपला क्रमांक बरोबर लागला की नाही हे तो शिक्षक तपासणार कसा?