‘सजदा’ला ‘साष्टांग’ म्हणावे का? (आणि मधल्या उभे राहण्याला काय म्हणावे?)

ओळखपाळख :
मंडळी, जरा अडले आहे. ओळखीतले एक गृहस्थ पन्नाशीत नमाज शिकत आहेत. त्यांना मराठीच नीट वाचता येते, म्हणून दोन पानी हिंदी माहितीपत्रक मी मराठीत करून दिले. नमाजमधला क्रम मी असा लिहिला होता: ‘उभे राहावे, वाकून नमस्कार करावा, मग साष्टांग नमस्कार घालावा, असे दोनदा.’ हे वाचून त्यांनी घरी सराव केला आणि त्यांना शिकवणाऱ्या चाचांसमोर करून दाखवला. चाचांनी कपाळाला हात लावला. गृहस्थ ओणवे झाले, तसेच खाली गेले आणि सतरंजीवर पालथे पडले. अगदी छाती टेकवून!
चूक माझीच. पण मग शब्द कुठले वापरू? ‘रुकू’, ‘सजदा’ तसेच ठेवावेत, की मराठी शब्द आहेत?

शुद्धमराठी :
मराठी शब्द असताना परके कशाला? रुकू म्हणजे प्रणाम, सजदा म्हणजे दंडवत. झाले. आपल्याकडे नमस्काराला काय कमी शब्द आहेत?

तळटीप :
कमी नाहीत, जास्त आहेत, हीच अडचण. दंडवत म्हणजे दंडासारखे, काठी जमिनीवर आडवी टाकावी तसे. साष्टांग म्हणजे आठ अंगांनी: छाती, डोके, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात, गुडघे. छाती यादीत पहिली आहे. ओळखपाळख यांच्या गृहस्थांनी शब्द इमानाने पाळला, त्यांना हसू नका.

मुसल्ला :
तळटीप बरोबर बोलले. आणि गंमत बघा, सजद्यातही अंगे मोजलेली आहेत, पण ती सात: नाकासकट कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन्ही पावलांची बोटे. छाती नाही, पोट नाही. पोट मांड्यांना चिकटवायचे नाही, कोपरे जमिनीवर पसरायची नाहीत. माणूस घडी घातल्यासारखा असतो, पसरलेला नसतो. बोटे उचलली गेली तर शिकवणारा लगेच टोकतो, कारण नवख्याच्या हातून नेमके तेच होते. पाय मागे हवेत तरंगत राहतात आणि त्याला पत्ताच नसतो.
म्हणून मी ‘माथा टेकणे’ म्हणेन. ‘लोटांगण’ तर मुळीच नको.

पैठणी_पान :
कोपरे वर ठेवण्याचा नियम पुरुषांचा. आम्हाला लहानपणी अंग आवळून, कोपरे जवळ घेऊन सजदा करायला शिकवले. रुकूतही पुरुषांइतके वाकायचे नाही असे. कुणी म्हणतात सगळ्यांना एकच पद्धत. पण माझ्या आजीने शिकवले ते मी आता बदलणार नाही.

मुसल्ला :
आपा, मान्य. आमच्याकडचे हनफी पंथाचे लोक तसेच शिकवतात. मी पुरुष शिकणाऱ्याबद्दल बोलत होतो.

अर्धाकप :
मला एक साधी व्युत्पत्ती सुचते. रुकू म्हणजे ‘रुकणे’. वाकून रुकायचे, थांबायचे. हिंदीत ‘रुको’ म्हणतात ना? तेच. म्हणून मराठीत ‘थांबा’ म्हणा!

तळटीप :
नाही हो. रुकू अरबी, र-क-अ या धातूचा, अर्थ वाकणे. ‘रकात’ त्याच घरातला. हिंदी ‘रुकना’चा त्याच्याशी संबंध नाही. ध्वनी जुळले की नाते जुळत नाही.

मुसल्ला :
व्युत्पत्ती चुकली, पण अर्धाकप यांनी न कळत खरी गोष्ट पकडली. मुद्दा थांबण्याचाच आहे. ओळखपाळख यांच्या मसुद्यात फक्त छातीची चूक नाही, एक अख्खी पायरी गळली आहे. रुकूतून सरळ सजद्यात जायचे नसते. आधी पूर्ण ताठ उभे राहायचे. याला कौमा म्हणतात. मग सजदा, मग उठून बसायचे, तो जलसा. मग दुसरा सजदा. एक रकात म्हणजे एक रुकू, दोन सजदे, आणि त्यांच्यामधल्या या दोन जागा.
नवखा माणूस नेमका तिथेच घाई करतो. रुकूतून अर्धवट उठतो, पाठ तिरकीच असते, आणि तसाच खाली जातो. पहिल्या सजद्यातून डोके वीतभर उचलतो की परत खाली. कोंबडीने दाणे टिपावे तसे. हदीसमधला एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे. एकाने घाईघाईने नमाज उरकला आणि पैगंबरांना सलाम करायला आला. ते म्हणाले, परत जा आणि पुन्हा पढ, तू पढलासच नाहीस. असे तीनदा झाले. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगले येत नाही, शिकवा. मग त्यांनी रुकूत स्थिर हो, उठून सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, स्थिर होऊन बस, मग पुन्हा सजदा, असे एकेक सांगितले. पूर्ण शिकवणीत ‘स्थिर हो’ हे परत परत येते.

ओळखपाळख :
अरे देवा, म्हणजे माझ्या वाक्यात ‘मग’ या एका शब्दाने घात केला!

मुसल्ला :
‘मग’ने नव्हे, ‘मग’च्या आधी काही न लिहिल्याने. स्थिर झालो हे ओळखायचे कसे, तर कौम्यात पाठीचा एकेक मणका आपल्या जागी परत यावा, हात सैल सुटावेत. रुकूतही तसेच: तळवे गुडघ्यांवर, बोटे पसरलेली, पाठ अशी सपाट की पेलाभर पाणी ठेवले तर सांडू नये. डोके ना वर, ना लोंबते. निदान एक तसबीह निवांत म्हणता येईल इतके थांबा. रुकूत ‘सुब्हान रब्बियल अज़ीम’, सजद्यात ‘सुब्हान रब्बियल आला’, प्रत्येकी तीनदा म्हणतात.

एक_वाचक :
शाफई पंथाचे लोक या थांबण्याला नमाजचा स्तंभच मानतात, स्थिरता नसेल तर ती रकात धरत नाहीत. हनफींमध्ये वाजिब, म्हणजे आवश्यक, पण विसरलात तर शेवटी दोन भुलीचे सजदे. त्यामुळे ‘नमाज होत नाही’ असे सरसकट लिहू नका.

मुसल्ला :
मान्य. अनुवादात ते आणूच नका, त्या गृहस्थांना शिकवणारे चाचा आहेतच.

गुडघेदुखी :
मला कोणी सांगेल का, माझा गुडघा वाकतच नाही. मग माझा सजदा म्हणजे काय? खुर्चीवर बसून फक्त मान हलवली तर चालते का? तुम्ही सातही अंगे मोजताय, माझी चारसुद्धा भरत नाहीत.

मुसल्ला :
काका, धागा शब्दांचा आहे, पण सांगतो. ज्याला जमत नाही त्याने इशाऱ्याने करायचे. रुकूसाठी मान थोडी झुकवा, सजद्यासाठी त्याहून जास्त. फरक दिसला पाहिजे, एवढेच लक्षात ठेवा. समोर उशी धरून त्यावर डोके टेकवण्याची गरज नाही. उभे राहता येत असेल तर कयाम उभ्यानेच करा आणि जमत नाही तिथे बसा. बाकी तुमच्या आजाराचे तुमच्या इमामांना विचारा.

गुडघेदुखी :
उभा राहू शकतो, बसल्यावर उठता येत नाही. असो, विचारतो.

तळटीप :
मूळ प्रश्नाकडे येऊ. आता शब्दांचे मजेशीर प्रकरण सांगतो. मुसल्ला यांनी ‘कौमा’ आणि ‘जलसा’ म्हटले. आपल्याकडे यांची भावंडे आधीच राहतात, फक्त ओळख पटत नाही. कयाम, कौमा, कायम, मुक्काम हे सगळे उभे राहण्याच्या एकाच अरबी धातूचे. ‘जलसा’ म्हणजे बसणे, तिथूनच मजलिस. आपला गाण्याचा जलसाही म्हणजे बसून ऐकण्याची बैठक. आणि सगळ्यात मजा म्हणजे दोन रकातींनंतरची बैठक. तिला कादा म्हणतात. तिचा धातू क-अ-द, बसणे. त्याच धातूचा अरबी ‘कायदा’, म्हणजे पाया, बैठक. मराठीत तो येऊन कोर्टात बसला.

शुद्धमराठी :
मग ‘कायदा’सुद्धा परका! मी म्हणतोच की हे सगळे काढून टाकावे. ‘विधी’ म्हणा.

पैठणी_पान :
काढा. आणि ‘मुक्काम’ही काढा, मग प्रवासात कुठे थांबणार?

अर्धाकप :
खी खी. शिवाय ‘नमाज’ही फारसी आहे, पण संस्कृत ‘नमस्’चा दूरचा नातेवाईक. शुद्धमराठी यांची पंचाईतच झाली.

तळटीप :
यावेळी अर्धाकप बरोबर.

ओळखपाळख :
मी ‘कादा’ लिहिले तर वाचणारा ‘कांदा’ वाचेल आणि ‘कायदा’ लिहिले तर वकील आठवेल. ‘बैठक’ लिहू का?

मुसल्ला :
दोन्ही बैठकांना ‘बैठक’ म्हणू नका, घोटाळा होईल. सजद्यांमधली क्षणभराची, दुसऱ्या रकातीनंतरची मोठी. मोठीत अत्तहियात ही प्रार्थना पढतात. चार रकातींच्या नमाजमध्ये ती दोनदा येते. पहिल्या वेळी अत्तहियात संपली की उठायचे. शेवटच्या वेळी पुढे पैगंबरांवरचा दुरूद, मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम.
अजून एक खूण, ती अनुवादात जरूर लिहा. प्रत्येक बदलाला ‘अल्लाहु अकबर’ म्हणतात, फक्त रुकूतून उठताना नाही. तिथे इमाम ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ म्हणतो, मागचे ‘रब्बना लकल हम्द’. एकच जागा जिथे घोष बदलतो, आणि ती नेमकी गळते! इमामांच्या मागे उभ्या असलेल्याला डोळे वर न उचलता कळते की आता ताठ व्हायचे आहे.

ओळखपाळख :
हे मला मिळालेच नव्हते. मी ‘प्रत्येक हालचालीला अल्लाहु अकबर’ लिहून मोकळी झाले होते. आता नवा मसुदा:
‘ताठ उभे राहून कुराणातले पठण (कयाम). ओणवे होऊन थांबणे (रुकू). पुन्हा पूर्ण ताठ उभे राहून थांबणे (कौमा). माथा टेकणे (सजदा). उठून बसणे, थांबणे (जलसा). पुन्हा माथा टेकणे. इथे एक रकात झाली. दुसरीसाठी उठणे.’

मुसल्ला :
उत्तम. फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, दोन फर्ज रकातींचे हिशेब खाली लिहा: दोन रुकू, चार सजदे, शेवटी बैठक. मोजताना एका रकातीत दोन सजदे भरले की पुढे जा. त्यांना वाटेल चुकले, तेव्हा याने बरे पडते.

शुद्धमराठी :
‘टेकणे’ दोनदा नको. बसायलाही आपण ‘जरा टेकतो’ म्हणतो. वाचणारा जलशात माथा टेकेल.

ओळखपाळख :
बरे, बसण्याला ‘टेकणे’ नाही लिहिले, पण लक्ष ठेवते. आणि कंसातले शब्द ठेवायचे की काढायचे?

पैठणी_पान :
ठेवा. मशिदीत कोणी ‘ओणवे व्हा’ म्हणत नाही.

शुद्धमराठी :
मशिदीत म्हणत नसतील, पण कागद मराठी आहे!

अर्धाकप :
‘मशीद’ हाच शब्द सजद्याचा. माथा टेकायची जागा.

तळटीप :
अर्धाकप आज फॉर्मात आहेत. पण एक प्रश्न राहिलाच. ‘ओणवे’ की ‘ओणवा’? आमच्याकडे पुरुष ओणवा होतो आणि बाई ओणवी. ‘ओणवे होणे’ हे कोणत्या भागातले?

गुडघेदुखी :
मी खुर्चीत. माझ्यासाठी दोन्ही नको.