सिद्धतेतली खरी फट कोणती?

«दादरला एफवायबीएस्सीच्या वह्या तपासतेय. x→3 असताना x² ची सीमा 9, हे दाखवताना एकाने δ = ε/|x+3| घेतलंय. चिन्हाची चूक समजून सोडू का?»

नाही मॅडम, ही खरी फट आहे. व्याख्येत आधी ε येतो, मग δ ठरतो आणि त्यानंतरच x येतो. इथे δ ठरवतानाच x वापरलाय, म्हणजे क्रमच उलटला. एखादं चिन्ह बदलून हे सुधारत नाही, नवी पायरी लागते: आधी δ ≤ 1 धरायचा. मग x हा 2 आणि 4 च्या मधे राहतो, |x+3| < 7 मिळतं आणि δ = min(1, ε/7) चालतो. ही 7 ची मर्यादा हाच सिद्धतेचा गाभा, म्हणून गुण तिथेच कापा.

याउलट कुणी 0 < |x−3| < δ मधलं ‘0 <’ विसरला, तर इथे काही अडत नाही, कारण x = 3 ला |x²−9| शून्यच आहे. मात्र (x²−9)/(x−3) असतं, तर तीच चूक गंभीर ठरली असती. x ≠ 3 शिवाय x−3 ने भागताच येत नाही.