मदत हवी आहे: कथेतला उस्ताद क्लीनरला डिझेल आणि इंजिन ऑइल ओळखायला कसं शिकवेल?

शब्दवेडी:
लांब पल्ल्याच्या ट्रकवरची एक लघुकथा लिहिते आहे. मुरलेला ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखाली नवा आलेला पोरगा. तीन दिवसांच्या फेरीत उस्ताद त्याला डिझेल आणि ऑइल पारखायला शिकवतो, एवढाच जीव आहे कथेचा. आत्ताचा मसुदा असा आहे:

"उस्तादानं डिझेलचे दोन थेंब बोटावर घेऊन हुंगले. 'चोख आहे,' तो म्हणाला. मग त्यानं डिपस्टिक काढली. तेल काळंकुट्ट. 'मेलं हे. बदलावं लागणार.'"

जाणकारांना हे वाचून काय खटकेल? आणि खरा उस्ताद काय करेल? ट्रक आजचा आहे, कॉमन रेल इंजिनाचा.

सडकछाप:
हुंगणं ठीक आहे, रॉकेलचा वास लपत नाही. त्याला फिल्टर पेपरची परीक्षा करू द्या. कागदावर थेंब टाकायचा, वाळल्यावर डाग राहिला तर भेसळ. पंपावर घनताही मोजायला लावा. हायड्रोमीटरवर आकडा कमी आला की पंपवाल्याची कॉलर धरायला मोकळा.

नोझलटिप:
कागदाची ती परीक्षा पेट्रोलची आहे. पेट्रोल पूर्ण उडून जातं, म्हणून तिथे डागाला अर्थ असतो. शुद्ध डिझेलचाही डाग राहतोच. तुमच्या उस्तादानं हे केलं तर पहिला ड्रायव्हर वाचक तिथेच कथा मिटेल.

घनतेचं म्हणणं बरोबर आहे, पण हायड्रोमीटरच्या जोडीला थर्मामीटर हवा. १५ अंशांना घनता ८३५ किलो प्रति घनमीटर असलेलं डिझेल ४० अंशांना साधारण ८१७-८१८ दाखवतं, कारण दर अंशाला आकडा सुमारे ०.७ ने उतरतो. आता त्याच डिझेलमध्ये पाचवा हिस्सा ७९५ घनतेचं रॉकेल घातलं, तर १५ अंशांचा आकडा ८२७ होतो. म्हणजे भेसळीनं फरक पडला आठाचा आणि नुसत्या उन्हानं सतरा-अठराचा. तापमान न बघता कॉलर धरणारा उस्ताद निर्दोष माणसाला धरेल. पोराला शिकवण्यासारखी गोष्ट ही आहे.

वासाबद्दल: रॉकेल भरपूर असेल तर सरावलेल्या नाकाला शंका येते, थोडं असेल तर नाही. आणि पाण्याला वासच नसतो. कॉमन रेलच्या गाडीत रस्त्यावर जास्त नडतं ते पाणीच.

शब्दवेडी:
मग पाणी कसं ओळखतात? तो प्रसंग जरा तपशिलात मिळेल का?

नोझलटिप:
पहाटेचा प्रसंग करा. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे रात्रीतून ते खाली बसलेलं असतं. इंजिन चालू करण्याआधी उस्ताद पोराला प्रायमरी फिल्टरच्या वाटीखालचा ड्रेन कॉक सैल करायला लावेल आणि खाली पारदर्शक बाटली धरायला लावेल. कपभर काढलं की पुरे. मग बाटली सपाट जागी ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटं तिला हात लावायचा नाही. पोरगा लगेच हलवून बघणार, तिथे ओरडा खाऊ दे त्याला.

तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. थर नाही पण डिझेल धुरकट, बाटलीपलीकडचं अक्षर अंधुक दिसतंय, तर पाणी बारीक विरघळल्यासारखं पसरलेलं आहे. तांबूस गाळ म्हणजे टाकीत गंज. काळी बुळबुळीत साय म्हणजे पाणी बऱ्याच दिवसांपासून आहे आणि त्यावर जंतू वाढलेत. कॉक बंद केल्यावर हातपंपानं डिझेल चढवून हवा काढायची. हे राहिलं तर गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. नवख्याकडून हमखास राहतं.

एक सल्ला उस्तादाच्या तोंडी शोभेल: पंपावर टँकर खाली होत असेल तर तिथे भरू नको. जमिनीतल्या टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

मळणीवाला:
माझ्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलल्यावर आठवड्यातच काळं झालं. दुकानदारानं बनावट डबा दिला असेल का? परत बदलू?

ग्रीसनिपल:
नुसत्या रंगावरून बदलू नका. डिझेल इंजिनात काजळी तेलात येणारच, आणि ती धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. जुन्या तेलाचा थोडा अंश आत राहतो, त्यामुळे नवं तेलही लवकर काळं पडतं. डबा बनावट आहे की नाही हे रंगावरून सांगताच येणार नाही.

शब्दवेडी, तुमच्या मसुद्यातली मोठी चूक हीच. 'काळं म्हणजे मेलं' हे वाक्य पोराच्या तोंडी द्या. उस्ताद बघेल पातळी. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिकची काडी पुसून पुन्हा घालायची, मग वाचायचं. पातळी घटली तर कुठेतरी गळतंय किंवा जळतंय. वाढली तर प्रकरण गंभीर, आणि नवख्याला नेमका तेव्हाच आनंद होतो.

समजा इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, मॅक्सपर्यंत ३० लिटर तेल आहे आणि काडीवर मिन ते मॅक्स अंतर ४ लिटरचं. तिसऱ्या दिवशी तेल मॅक्सच्या वर, त्या अंतराच्या निम्मं चढलेलं. म्हणजे २ लिटर काहीतरी आत आलं. उस्ताद आधी कूलंटची टाकी बघेल. तिथली पातळी उतरली असेल आणि तेल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर कूलंट आत जातोय. गाडी तिथेच उभी. कूलंट जागेवर असेल तर संशय डिझेलवर. काडीच्या टोकाला वास येतो, तेल बोटांत पातळ लागतं.

सडकछाप:
बोटांवर विश्वास ठेवायचा तर मग नाकावर का नाही? गरम तेल तसंही पातळच लागतं.

ग्रीसनिपल:
बरोबर. म्हणून डब्यातलं नवं तेल दुसऱ्या बोटावर घेऊन, दोन्ही थंड असताना ताडून बघायचं. तरीही तो दुजोरा झाला, पुरावा नाही. पुरावा काडीवरचा चढ.

शब्दवेडी:
डिझेल तेलात शिरतं कुठून? आणि उस्तादानं २ लिटर काढून टाकलं तर पुढे जाता येईल ना? मुक्काम एका दिवसावर आहे.

ग्रीसनिपल:
इंजेक्टर नीट बंद होत नसेल तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. हाय प्रेशर पंपाचं सील गेलं तरी येतं. एक्झॉस्टचा फिल्टर जाळून साफ होत असताना इंजिन वारंवार मध्येच बंद केलं तरीही.

काढून टाकल्यानं पातळी खाली येईल, प्रमाण तेच राहील, कारण काढाल ते मिश्रणच. ३२ मध्ये २ म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. ६ लिटर काढून ४ लिटर नवं घातलं तरी साडेपाचच्या आसपास उरतं. पाचाच्या पुढे सहसा तेल बदलतात. बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटायला लागतो, शिवाय पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून बेलगाम पळू शकतं. मग किल्ली फिरवूनही बंद होत नाही.

नोझलटिप:
मी असतो तर हळू, हलक्या पायानं पुढच्या गॅरेजपर्यंत नेली असती, दर दोन तासांनी काडी बघत. सहा टक्क्यांवर इंजिन लगेच बसत नाही.

ग्रीसनिपल:
हे तेव्हाच, जेव्हा गळती किती वेगानं आहे ते माहीत असेल. तीन दिवसांत २ लिटर की शेवटच्या रात्रीत २ लिटर? पोरानं रोज काडी वाचून आकडा लिहिला असेल तरच कळणार.

शब्दवेडी:
पोरानं पहिल्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी चढावर उभ्या गाडीत वाचलं. म्हणजे तो आकडा बाद. उस्तादानं आता काय ठरवावं हे अजून नक्की होत नाहीये. इंजेक्टर आणि पंपाचं सील यातलं कोणतं गेलंय हे रस्त्यावर, स्कॅनरशिवाय वेगळं ओळखता येतं का?